सात वर्षांच्या लेकराचा पोळी-भाजी-अंड्याचा डबा: मॅक्रो घरच्या घरी कसे मोजायचे

माझी लेक दुसरीत आहे. वय सात, वजन बावीस किलो. नाशिकच्या इंदिरानगरहून तिची रिक्षा सकाळी पावणेसातला निघते आणि डब्याची सुट्टी होते दहाला, तीही जेमतेम वीस मिनिटांची. डब्यात बहुतेक दिवस दोन पोळ्या, एक भाजी आणि एक उकडलेलं अंडं असतं. मागच्या हिवाळ्यात मी ठरवलं की या डब्यात नक्की किती प्रोटीन, किती कार्ब आणि किती फॅट जातं ते एकदा नीट मोजायचं. मोबाईलवरच्या ॲपमध्ये ‘चपाती १, भाजी १ वाटी, अंडं १’ असं भरून पाहिलं होतं, पण आज एक आकडा आणि उद्या दुसराच. ॲपला माझी पोळी किती मोठी आणि माझी भाजी किती तेलाची हे ठाऊक असणार तरी कसं? म्हणून वजनकाटा घेऊन बसले. पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी ती पद्धत इथे लिहिते आहे.

आधी दोन शब्द मॅक्रोंबद्दल. ज्यांच्यातून शरीराला ऊर्जा मिळते असे अन्नातले तीन मोठे घटक म्हणजे कार्ब, प्रोटीन आणि फॅट. एक ग्रॅम कार्बमधून ४ कॅलरी मिळतात, प्रोटीनमधूनही ४, आणि फॅटमधून ९. पुढचा सगळा हिशोब या तीन आकड्यांवर चालतो.

काय लागेल

एक डिजिटल वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत पेलणारा. भांडी बाजारात किंवा ऑनलाइन कुठेही मिळतो. सोबत एक वही. सुरुवातीला ॲप नकोच. हाताने दोनदा हिशोब केला की कुठला आकडा कुठून येतो ते कळतं, मग ॲप वापरलं तरी त्याची चूक लगेच डोळ्यांत येते.

आणि एक अट: मुलासमोर काटा काढायचा नाही. मी सगळं सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मोजायचे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, “अगं, पोरीचा घास मोजतेस की काय?” त्यांचा प्रश्न मला मनापासून पटला. घास मोजायचा नाहीये, स्वयंपाक मोजायचा आहे. सात वर्षांच्या मुलीच्या कानावर ‘कॅलरी जास्त झाल्या’ हे वाक्य पडता कामा नये.

पहिली पायरी: पोळी मोजू नका, पीठ मोजा

सगळ्यात मोठी चूक इथे होते, माझीही झाली. मी भाजलेल्या दोन पोळ्या काट्यावर ठेवल्या, ७० ग्रॅम भरल्या. मग गव्हाच्या पिठाचा आकडा घेतला, १०० ग्रॅमला ३२० कॅलरी, आणि गुणाकार करून २२४ लिहिलं. पण त्या ७० ग्रॅममध्ये पाणीही होतं. पीठ होतं फक्त ५० ग्रॅम, म्हणजे पिठाच्या कॅलरी १६०. एका चुकीने आकडा ४० टक्क्यांनी फुगला.

बरोबर पद्धत अशी. कणीक मळण्याआधी पीठ मोजा. मळून झाली की सगळा गोळा मोजा. माझं त्या दिवशीचं पीठ ३०० ग्रॅम होतं, पाणी १९० आणि मळताना तेल ५ ग्रॅम, मिळून गोळा ४९५ ग्रॅमचा. म्हणजे कणकेच्या ४१ ग्रॅमच्या उंड्यात साधारण २५ ग्रॅम पीठ. लेकीच्या पोळीचा उंडा मी तेवढाच ठेवते. आमच्या मोठ्यांच्या पोळीला ६० ग्रॅमच्या आसपास जातो. चार-पाच दिवस काट्यावर उंडा ठेवून पाहिला की हाताला अंदाज बसतो, मग काट्याची गरज उरत नाही.

गिरणीवरून दळून आणलेल्या न चाळलेल्या पिठात १०० ग्रॅमला साडेदहा ग्रॅम प्रोटीन, ६४ ग्रॅम कार्ब, दीड ग्रॅम फॅट आणि ११ ग्रॅम फायबर असतं. म्हणून ५० ग्रॅम पिठाच्या दोन पोळ्यांत ५.३ ग्रॅम प्रोटीन, ३२ ग्रॅम कार्ब आणि एक ग्रॅमहून कमी फॅट. पीठ बारीक चाळणीने चाळत असाल तर कोंडा जातो आणि फायबर घटतं, बाकी आकड्यांत फार फरक पडत नाही. लाटताना लावलेलं पीठ मी धरत नाही. त्यातलं बरंचसं पोळपाटावर आणि तव्यावरच राहतं.

आता पोळीचं तेल-तूप. घडीची पोळी असेल तर घडीत तेल, वरून तूप, शिवाय कणकेतलं थोडं. मी तुपाची वाटी पोळ्यांआधी आणि नंतर काट्यावर ठेवून पाहिली. दोन पोळ्यांना मिळून तेल-तूप ५ ग्रॅम आलं, म्हणजे ४५ कॅलरी. पिठाच्या १६० मध्ये हे मिळवले की पोळ्यांच्या झाल्या २०५.

दुसरी पायरी: भाजीची कढई

एक वाटी भाजी म्हणजे किती, याला उत्तर नाही. वाटीत बटाटा जास्त आला की आकडा वेगळा, फ्लॉवर जास्त आला की वेगळा. त्यामुळे हिशोब अख्ख्या कढईचा करायचा आणि डब्यात गेलेला वाटा तेवढा काढायचा.

आधी रिकाम्या कढईचं वजन करून ठेवा. माझ्या दोन्ही कढयांची वजनं मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवली आहेत. रोज कढई रिकामी करून कोण मोजणार?

त्या दिवशी फ्लॉवर-बटाटा-मटारची सुकी भाजी होती. डिसेंबरात बुधवारच्या बाजारात मटार कोवळा आणि गोड मिळतो. निवडून, चिरून झाल्यावर, म्हणजे फ्लॉवरचे दांडे आणि मटारची सालं काढल्यावर वजन केलं: फ्लॉवर २५० ग्रॅम, बटाटा १५०, मटारदाणे ५०. तेल मोजायची सोपी युक्ती अशी की फोडणीआधी तेलाची बरणी काट्यावर ठेवायची, फोडणीनंतर पुन्हा ठेवायची. फरक म्हणजे घातलेलं तेल. मला वाटत होतं दोन चमचे, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम असेल. निघालं २० ग्रॅम. हातातली पळी आणि मनातला चमचा यांत एवढं अंतर असतं.

बेरीज केली. फ्लॉवरच्या ५८ कॅलरी, बटाट्याच्या १०५, मटारच्या ४० आणि तेलाच्या १८०. अख्ख्या कढईत ३८३ कॅलरी, ११ ग्रॅम प्रोटीन, ३३ ग्रॅम कार्ब आणि साडेएकवीस ग्रॅम फॅट. मोहरी, हळद, कोथिंबीर धरायची गरज नाही. भाजी शिजल्यावर कढईसकट वजन करून कढईचं वजा केलं, तर भाजी ४३० ग्रॅम भरली. त्यातली ८० ग्रॅम डब्यात गेली, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडी कमी. लेकीच्या वाट्याला आल्या ७१ कॅलरी, २ ग्रॅम प्रोटीन, ६ ग्रॅम कार्ब आणि ४ ग्रॅम फॅट.

या हिशोबातून एक गोष्ट दिसते, तिच्यामुळे पुढचं काम फार हलकं होतं. पालेभाजी, भेंडी, दोडका, फ्लॉवर, गिलकं यांपैकी काहीही घ्या, मॅक्रो जवळपास हलत नाहीत. भाजीचे आकडे ठरतात ते तेल, बटाटा, मटार आणि शेंगदाण्याच्या कुटावर. गवारीत एक मोठा चमचा कूट, साधारण ८ ग्रॅम, पोटात गेला तर ४० कॅलरी आणि जवळजवळ दोन ग्रॅम प्रोटीन वाढतं. म्हणून रोज नवी भाजी मोजत बसू नका. एक सुकी भाजी आणि एक कुटाची भाजी एकदा मोजली की महिना निघतो. भाजी डब्यात असते ती तिच्यातल्या फायबर, जीवनसत्त्वं आणि चवीसाठी. मॅक्रोच्या वहीत तिची ओळ लहान दिसली म्हणून डब्यातला तिचा कप्पा लहान करू नका.

तिसरी पायरी: अंडं

हे सगळ्यात सोपं. कवचासकट ५४ ग्रॅमचं अंडं असेल तर कवच जाऊन साधारण ४७ ग्रॅम उरतं. त्यात ६.२ ग्रॅम प्रोटीन, ४.३ ग्रॅम फॅट, कार्ब नाहीच म्हणण्याइतकं, आणि कॅलरी ६३. उकडल्याने यात काही बदल होत नाही. ऑम्लेट किंवा भुर्जी केली तर तव्यावरचं तेल वेगळं धरा. एका चमच्याचे ४० कॅलरी सहज होतात.

पोळीसोबत अंड्याची किंमत या आकड्याहून जास्त आहे. गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, त्यामुळे एकट्या पोळीचं प्रोटीन शरीराला पुरेपूर वापरता येत नाही. अंड्यात लायसिन भरपूर असतं आणि एकाच जेवणात ते पोळीची उणीव भरून काढतं. डाळ-उसळीनेही हेच होतं. म्हणून गुरुवारी, चतुर्थीला आणि श्रावणात आमच्या डब्यात अंड्याऐवजी मुगाची सुकी उसळ असते. २५ ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ साडेपाच ग्रॅमच्या वर प्रोटीन देते, मात्र तिच्यासोबत १२ ग्रॅमच्या आसपास कार्बही येतात. त्या दिवशी दुसऱ्या पोळीचा उंडा थोडा लहान घेतला तरी चालतं.

बेरीज आणि तिचा अर्थ

पोळ्या २०५, भाजी ७१, अंडं ६३. डबा झाला ३३९ कॅलरींचा. प्रोटीन साडेतेरा ग्रॅम, कार्ब ३८, फॅट १४.

हे पुरेसं आहे का? दोन मापं लावून पाहते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत ७ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे, पण ते साधारण २५ किलो वजनाचं मूल धरून. बावीस किलोच्या लेकीला ऊर्जा थोडी कमी पुरेल. दुसरं माप शालेय पोषण आहाराचं: पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळावं असा निकष आहे.

म्हणजे प्रोटीनची चिंता मिटली. दिवसाच्या गरजेचा अर्ध्याहून जास्त भाग या एकाच डब्यात आहे, वर घरचं दूध, वरण, दही वेगळं. कमी आहे ती ऊर्जा, आणि ती किती कमी हे शाळेच्या वेळेवर ठरतं. आमची सकाळची शाळा, लेक एकला घरी येऊन वरण-भात जेवते. तिच्यासाठी ३४० कॅलरीचा डबा बरोबर आहे, दिवसाचा पाचवा हिस्सा होतो. पण तुमच्या मुलाची शाळा दिवसभराची असेल आणि हा डबाच दुपारचं जेवण असेल, तर तो अपुरा आहे. त्यात एक लहान केळं घाला, ८० कॅलरी वाढतील. किंवा तूप लावलेली तिसरी पोळी, शंभर कॅलरी. जानेवारी ते मार्च आपल्याकडे द्राक्षं मुबलक असतात, पण केळ्याइतकी ऊर्जा हवी तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम द्राक्षं लागतील आणि डब्यात तेवढी जागा नसते.

नव्याने मोजणारे इथे हमखास घाबरतात ते फॅटच्या टक्क्याला. १४ ग्रॅम फॅट म्हणजे सव्वाशेच्या वर कॅलरी, डब्याच्या ३७ टक्के. एकूण ऊर्जेतलं फॅट ३० टक्क्यांच्या आत असावं असं वाचलेलं असतं, आणि मग पोळीवरचं तूप बंद होतं. तसं करू नका. तो टक्का अख्ख्या दिवसाचा असतो, एका डब्याचा नाही. याच डब्यात एक केळं ठेवलं की फॅट तेवढंच राहून टक्का तिसावर येतो. या वयात दिवसाला ३० ग्रॅमपर्यंत तेल-तूप चालतं, आणि या डब्यात ते नऊ ग्रॅमच्या आत आहे. तूप काढलंत तर डबा आणखी हलका होईल आणि पोळी दहा वाजेपर्यंत वातड.

चौथी पायरी: परत आलेला डबा

इथे मला खरा धक्का बसला. एवढं मोजून आठवडाभर डबा भरला, आणि पाचातले तीन दिवस तो असा परत आला: अर्धी पोळी, निम्मी भाजी आणि अंड्याचा अख्खा पिवळा बलक, पांढरं तेवढं खाल्लेलं. परत आलेलं वजा केलं. अर्धी पोळी ५१ कॅलरी, भाजी ३५, बलक ४८. पोटात गेल्या २०५ कॅलरी आणि साडेआठ ग्रॅम प्रोटीन. अंड्याचं प्रोटीन पांढऱ्यातच असतं अशी समजूत आहे, पण बलकातही अडीच ग्रॅमच्या वर असतं, आणि अंड्याचं सगळं फॅट तिथेच असतं. त्यामुळे वहीत दोन रकाने करा: भरलं आणि खाल्लं. मॅक्रो दुसऱ्या रकान्याचेच खरे.

ती रागावेल म्हणून न विचारता, आजी जेवायला वाढत असताना सहज विषय काढला. कारणं तीन निघाली. पोळी तोडायला वेळ लागतो आणि सुट्टी संपते. भाजीचे तुकडे पोळीतून पडतात. आणि बलक “घशात अडकतो, आणि वास येतो”.

वासाचं कारण माझ्याकडेच होतं. मी अंडी गॅसवर ठेवून पोळ्या करायचे, पंधरा-वीस मिनिटं ती उकळत राहायची. जास्त उकडलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन बलकाभोवती हिरवट-करडं कडं तयार होतं, त्यासोबत तो वास येतो आणि बलक भुसभुशीत कोरडा पडतो. अंडं कापल्यावर ते कडं दिसलं की समजा, वेळ जास्त झाला. आता पाणी उकळायला लागलं की आच मंद करून दहा मिनिटं लावते आणि लगेच गार पाण्यात टाकते. बलक पूर्ण शिजतो, पण पिवळाधमक आणि ओलसर राहतो. अगदी ताज्या अंड्याचं कवच सोलताना पांढरंही निघून येतं, म्हणून डब्यासाठी चार-सहा दिवसांपूर्वी आणलेली अंडी आधी वापरते.

पोळीसाठी कणीक कोमट पाण्याने थोडी सैल मळून अर्धा तास झाकून ठेवते. भाजलेली पोळी गरम असताना डब्यात घातली की वाफेने खालची ओली आणि वरची कडक होते, म्हणून आधी जाळीवर निवू देते. मग पोळीला तूप लावून त्यावर भाजी थोडी चेपून पसरते, अर्धं अंडं किसून टाकते, मीठ-मिरपूड भुरभुरवते आणि घट्ट गुंडाळी करून मधोमध कापते. दोन पोळ्यांचे चार रोल. वजनं तीच, मॅक्रो तेच, पण आता तोडायला काही नाही, पडायला काही नाही आणि बलक वेगळा काढायला जागा नाही. भाजी मात्र कोरडी हवी. रस्सा राहिला की दहा वाजता रोलचा लगदा होतो.

उन्हाळ्यातला बदल

उकडलेलं अंडं साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तीस-बत्तीस अंशांपुढे तर एकच तास, असा नियम आहे. मग पावणेसातचा डबा दहाला खाणाऱ्या मुलाचं काय? थंडीत नाशिकच्या सकाळी गार असतात, अंडं पूर्ण गार आणि कोरडं करून, डब्याला छोटा आइस पॅक लावून मी देते. मार्च संपला की डब्यातलं अंडं बंद. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो आणि दप्तरं वर्गाच्या खिडकीखाली उन्हात पडलेली असतात. त्या दिवसांत अंडं सकाळी घरीच, दुधाच्या आधी खायला देते. डब्यात पोळीसोबत कुटाची कोरडी चटणी आणि सुकी भाजी जाते. डब्याचं प्रोटीन मग नऊ-दहा ग्रॅमवर येतं, पण दिवसाची बेरीज तीच राहते.

किती दिवस मोजायचं

दोन आठवडे पुरतात. त्यानंतर काटा कपाटात ठेवा आणि फक्त परत आलेला डबा बघत राहा. उंची-वजन दर सहा महिन्यांनी बालरोगतज्ज्ञांकडच्या वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. मूल आपल्या रेषेने वर सरकत असेल तर वहीतल्या २०-३० कॅलरींच्या फरकाला काही अर्थ नाही. रेषा सपाट झाली, किंवा डबा आठवडाभर अर्धा परत यायला लागला, तर मात्र वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘काहीच खात नाही हो’ यापेक्षा ‘रोज दोनशे कॅलरी आणि आठ ग्रॅम प्रोटीन खाते’ हे ऐकून त्यांना पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो. पुढच्या जूनमध्ये लेक तिसरीत जाईल, भूकही वाढलेली असेल. तेव्हा उंडा ४१ वरून ५० ग्रॅमचा करीन आणि वहीत नवं पान उघडीन.